रक्ताचे जुलाब होत असताना डॉक्टर अँटिबायोटिक का देत नाहीत?

प्रश्न: माझ्या बहिणीची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, ते डिचोलीला राहतात. चार दिवस जुलाब, कालपासून संडासातून लाल रक्त जाते. पोटात खूप कळा येतात, ताप नाही. डॉक्टरांनी रक्त आणि संडास तपासायला पाठवले, ओआरएस आणि झिंक लिहून दिले, पण अँटिबायोटिक नाही आणि जुलाब थांबवायचे औषधही नाही. "किडनीला त्रास होऊ शकतो, परवा पुन्हा रक्त तपासू" म्हणाले. घरचे म्हणतात डॉक्टर बदला. ओळखीचा फार्मसीवाला सिरप द्यायला तयार आहे. द्यावे का?

उत्तर:

फार्मसीतले सिरप देऊ नका, आणि परवाची रक्ततपासणी काहीही झाले तरी चुकवू नका. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. मी फोंड्याला लहान मुलांचा डॉक्टर आहे. तुमच्या भाचीला मी पाहिलेले नाही, तिच्या डॉक्टरांनी पाहिले आहे, तेव्हा तिच्याबाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच. पण त्यांनी जे केले त्यामागचा विचार मला ओळखीचा आहे, आणि तो घरच्यांना नीट समजला तर डॉक्टर बदलायची गरज वाटणार नाही.

घरच्यांना वाटते की जंतू झाले आहेत तर जंतू मारायचे औषध द्यायला हवे. डॉक्टरांना वेगळीच काळजी आहे. काही जंतूंच्या बाबतीत जुलाब हा आजाराचा पहिला भाग असतो. दुसरा भाग आठवड्याभराने येतो, बहुतेक वेळा जुलाब कमी होत आल्यावर, आणि तो किडनीवर येतो. त्याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात, आम्ही थोडक्यात एचयूएस म्हणतो. पहिल्या भागात आपण काय देतो आणि काय देत नाही, याचा दुसऱ्या भागाशी संबंध आहे.

हा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात असतात आणि एरवी काही करत नाहीत. त्यांतल्या काही जाती मात्र शिगा टॉक्सिन नावाचे विष तयार करतात. सगळ्यांत प्रसिद्ध जात O157:H7, ती 1982 मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या बीफ बर्गरमुळे आलेल्या साथीत पहिल्यांदा नीट ओळखली गेली. गुरांच्या आतड्यात हे जंतू गुरांना काही न करता राहतात. तिथून शेणावाटे न उकळलेल्या दुधात, नीट न शिजलेल्या खिम्यात, पावसात गढूळ झालेल्या विहिरीच्या पाण्यात आणि न धुतलेल्या पालेभाजीत येतात. आजार व्हायला अगदी थोडे जंतू पुरतात, म्हणून एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याकडेही जातात.

जंतू पोटात गेल्यावर साधारण तीन-चार दिवसांनी पातळ जुलाब सुरू होतात. पोटात भयंकर कळा येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त दिसू लागते, कधी कधी संडासात मळ नावालाच आणि बाकी रक्तच अशी अवस्था असते. आणि डॉक्टरकडे येईपर्यंत ताप बहुतेक वेळा नसतो. तुम्ही लिहिलेली "ताप नाही" ही छोटीशी ओळ घरच्यांना दिलासा देणारी वाटली असेल. तुमच्या डॉक्टरांना मात्र तिनेच सावध केले असणार.

O157 चा संसर्ग झालेली बहुतेक मुले आठवड्याभरात आपोआप बरी होतात. शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा मुलांना पुढे एचयूएस होतो, आणि पाच वर्षांच्या आतली मुले त्यात जास्त. कोणत्या मुलाला होणार हे पहिल्या दिवशी चेहरा बघून कोणालाही सांगता येत नाही.

आता विष काय करते ते पाहू. जंतू स्वतः आतड्यातच राहतात, रक्तात सहसा शिरत नाहीत. त्यांचे विष मात्र आतड्याच्या सुजलेल्या अस्तरातून रक्तात जाते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या पातळ अस्तरावर, विशेषतः किडनीतल्या बारीक केशवाहिन्यांत, या विषाला चिकटायला एक खास जागा असते. तिथे चिकटून ते पेशीच्या आत शिरते आणि पेशीचे प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडते. अस्तर खरवडले गेले की शरीर तिथे गुठळ्या करू लागते. गुठळ्यांत प्लेटलेट्स वापरल्या जातात, म्हणून रक्तातला त्यांचा आकडा पडतो. अशा अर्धवट तुंबलेल्या केशवाहिन्यांतून रेटून जाताना तांबड्या पेशी फाटतात, म्हणून हिमोग्लोबिन उतरते आणि मूल पांढरेफटक दिसू लागते. आणि किडनीला रक्तच कमी मिळते, म्हणून लघवी कमी होते आणि किडनीने बाहेर टाकायचा क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ रक्तात चढतो. हाच क्रम लक्षात ठेवा: आधी प्लेटलेट्स, मग हिमोग्लोबिन, मग क्रिएटिनिन. परवाच्या तपासणीचा अर्थ यातच आहे.

मग अँटिबायोटिक दिले तर बिघडते कुठे? या ई. कोलायकडे विष बनवायची कृती स्वतःची नसते. ती त्याच्या आत दडून बसलेल्या एका विषाणूची असते. जंतूंना होणाऱ्या अशा विषाणूला फाज म्हणतात. एरवी हा फाज जंतूच्या जनुकांत झोपून राहतो. पण जंतूच्या डीएनएला इजा झाली की जंतू धोक्याची यंत्रणा चालू करतो, आणि त्याच यंत्रणेने झोपलेला फाज जागा होतो. जागा झालेला फाज स्वतःच्या प्रती काढतो, त्याबरोबर विषही भराभर बनते, आणि शेवटी जंतू फुटून ते सगळे बाहेर सांडते. काही अँटिबायोटिक नेमकी जंतूच्या डीएनएवरच घाव घालतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही क्विनोलोन गटातली औषधे त्यात पुढे आहेत, आणि को-ट्रायमॉक्साझोलही. म्हणजे जंतू मरतो, पण मरताना आतड्यात एरवीपेक्षा जास्त विष सोडून जातो.

हे प्रयोगशाळेत स्पष्ट दिसते. मुलांमध्ये दिसते का? 2000 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात O157 चा संसर्ग झालेल्या 71 मुलांवर लक्ष ठेवले होते. ज्या 9 मुलांना अँटिबायोटिक मिळाले होते त्यांतल्या 5 जणांना एचयूएस झाला, आणि न मिळालेल्या 62 मुलांपैकीही 5 जणांनाच झाला. फरक मोठा आहे, पण मुले थोडी आहेत, आणि जास्त आजारी मुलालाच डॉक्टर अँटिबायोटिक देतात हाही मुद्दा उरतो. पुढे 2002 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा संबंध पक्का दिसला नाही. 2016 मध्ये पुन्हा एकत्र पाहिले तेव्हा सगळे अभ्यास धरून फरक अस्पष्टच राहिला, पण ज्या अभ्यासांची आखणी काटेकोर होती तेवढेच घेतले तर अँटिबायोटिकने धोका वाढलेला दिसला. सगळी अँटिबायोटिक सारखी वाईट आहेत असेही नाही. अझिथ्रोमायसिन प्रयोगशाळेत विष वाढवत नाही. तरीही मुलाला रक्ताचे जुलाब चालू असताना या जंतूसाठी अँटिबायोटिक दिल्याने एचयूएस टळतो, हे कोणी नीट दाखवलेले नाही. मूल डॉक्टरकडे येते तोवर बरेचसे विष रक्तात गेलेले असते. फायदा दिसत नाही आणि नुकसानाची शक्यता आहे, म्हणून आम्ही हात आखडता घेतो.

इथे मला थांबून एक महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी, कारण अमेरिकेतला सल्ला जसाच्या तसा गोव्यात लावता येत नाही. आपल्याकडे मुलांच्या रक्ताच्या जुलाबाला शिगेला नावाचा जंतू पुष्कळदा कारण असतो. विषाला शिगा हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या कियोशी शिगा यांनी 1890 च्या दशकात जपानमध्ये हाच जंतू शोधला. शिगेला डिसेंटेरिए टाइप 1 या त्याच्या जातीमुळे एचयूएस होतो, आणि भारतात पूर्वी मुलांच्या एचयूएसचे मुख्य कारण तीच होती. पण तिच्यात विषाचे जनुक असलेला फाज मोडका आहे, तो अँटिबायोटिकने जागा होत नाही. शिवाय शिगेला आतड्याच्या भिंतीत घुसतो आणि मुलाला फार आजारी करतो. म्हणून शिगेलाला योग्य अँटिबायोटिक लवकर द्यावे लागते, आणि जागतिक आरोग्य संघटनाही रक्ती हगवण झालेल्या मुलांना अँटिबायोटिक द्यायला सांगते.

म्हणजे एकाच तक्रारीसाठी एका जंतूला औषध हवे आणि दुसऱ्याला नको. समोरच्या मुलात कोणता आहे हे रिपोर्ट येईपर्यंत अंदाजानेच ठरवावे लागते. मी असे बघतो: जोराचा ताप आहे, मूल मलूल आहे, संडास थोडा थोडा होतो पण त्यात रक्ताबरोबर शेंब आणि पू आहे, आणि मूल सारखे कुंथते आहे, तर माझा कल शिगेलाकडे जातो. मूल सहा-सात महिन्यांचे असेल किंवा खूप कुपोषित असेल तर मी वाट बघत नाही, दाखल करून औषध सुरू करतो. उलट ताप नाही, कळा फार आहेत, पहिले दोन दिवस पाण्यासारखे जुलाब आणि मग लाल रक्त, घरी गुरे आहेत किंवा न उकळलेले दूध प्यायले आहे, तर मी अँटिबायोटिक थांबवतो आणि रिपोर्टची वाट बघतो. हा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरत नाही. म्हणूनच भाचीला उद्या जोराचा ताप आला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, त्यांचा निर्णय बदलू शकतो. दोन वर्षांच्या आतले मूल मध्येच किंचाळून रडते, मग शांत पडते, आणि संडासात लाल जेलीसारखे काही येते, तर तो आतड्यात आतडे अडकण्याचा प्रकार असू शकतो. त्याला लगेच सोनोग्राफी लागते, तो वेगळाच विषय आहे.

संडासाच्या तपासणीबद्दलही विचारून घ्या. नेहमीच्या कल्चरमध्ये हा ई. कोलाय दिसला तरी "नेहमीचे जंतू" म्हणून सोडला जातो, कारण तो दिसायला इतरांसारखाच. O157 ओळखायला सॉर्बिटॉल असलेले खास माध्यम वापरावे लागते. त्यावर बहुतेक ई. कोलाय गुलाबी उगवतात आणि O157 बिनरंगी राहतो. इतर जातींसाठी शिगा टॉक्सिनचे जनुक शोधणारी पीसीआर तपासणी लागते. तेव्हा लॅबला "शिगा टॉक्सिन बघा" असे मुद्दाम सांगितले आहे का, हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. आणि अँटिबायोटिकचा एक डोस जरी आधी पोटात गेला तरी जंतू कल्चरमध्ये सापडण्याची शक्यता कमी होते.

जुलाब थांबवणाऱ्या औषधांचे कारण सोपे आहे. लोपेरामाइड किंवा डायफेनॉक्सिलेट आतड्याची हालचाल मंद करतात. जंतू आणि विष दोन्ही आतड्यात आहेत, आणि जुलाबावाटेच बाहेर पडत आहेत. हालचाल थांबवली तर बंद खोलीत कोंडलेल्या धुरासारखे विष आतच राहते आणि रक्तात जायला त्याला जास्त वेळ मिळतो. ही औषधे घेतलेल्या मुलांत एचयूएस आणि मेंदूचा त्रास जास्त आढळल्याच्या नोंदी आहेत. सुजलेले आतडे फुगून पोट टम्म होण्याचा धोकाही असतो. लहान मुलांना तर ही औषधे साध्या जुलाबातही आम्ही देत नाही.

फार्मसीवाल्याचे सिरप नेमके कोणते ते तुम्ही लिहिले नाही, पण आपल्याकडे अशा वेळी साधारण दोनच बाटल्या काउंटरवर येतात. एक ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली. त्यातले ऑफ्लॉक्सासिन वर सांगितलेल्या क्विनोलोन गटातले. दुसरी पोटदुखीची, डायसायक्लोमिन आणि मेफेनॅमिक अॅसिडची. ही दुसरी लोकांना निरुपद्रवी वाटते, "फक्त पोटात दुखते म्हणून दिले" असे सांगतात. पण डायसायक्लोमिन आतड्याची हालचाल कमी करते, आणि मेफेनॅमिक अॅसिड आयबुप्रोफेनच्या जातीचे आहे, ते आधीच संकटात असलेल्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवते. या आजारात याहून अयोग्य जोडी शोधून सापडायची नाही. दुखण्यासाठी किंवा तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालते. रेसेकॅडोट्रिलची पुडी हालचाल थांबवत नाही हे खरे, पण रक्त जात असताना मी तीही देत नाही. कुड्याच्या सालीचा काढा बऱ्याच घरांत मुरड्यावर देतात. संडास बांधावा म्हणूनच तो देतात, तेव्हा या मुलीला तोही नको.

मग उपचार म्हणून काय उरते? पाणी, मीठ आणि लक्ष. हे ऐकायला कमी वाटते, म्हणून एका मुलीची हकीकत सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

सत्तरी तालुक्यातली चार वर्षांची मुलगी, वजन 15 किलो. जुलाबाच्या तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणली, त्याच सकाळी रक्त दिसले होते. ताप नव्हता. आजोळी गोठा, आणि सुट्टीत तिथे धारेचे दूध प्यायली होती. अँटिबायोटिक दिले नाही. त्या दिवशी प्लेटलेट्स 2 लाख 90 हजार, हिमोग्लोबिन 11.8, क्रिएटिनिन 0.4, सगळे ठीक. संडास पीसीआरसाठी पाठवला. तोंड कोरडे होते आणि ओआरएस पोटात टिकत नव्हते, म्हणून दाखल करून शिरेतून नॉर्मल सलाईन सुरू केले. याचेही कारण आहे. पहिल्या चार-पाच दिवसांत ज्या मुलांना शिरेतून पुरेसे सलाईन मिळते, त्यांना पुढे एचयूएस झाला तरी लघवी पूर्ण बंद पडण्याचे प्रमाण कमी दिसते. किडनीतून रक्त वाहते ठेवणे हेच आपल्या हातातले मोठे औषध.

पाचव्या दिवशी जुलाब कमी झाले, मुलगी उठून बसली, आणि घरच्यांनी घरी सोडा म्हणून आग्रह धरला. त्याच दिवशीच्या रक्तात प्लेटलेट्स 1 लाख 60 हजारांवर आल्या होत्या. कागदावर हा आकडा अजून "नॉर्मल" होता, लॅबने खाली रेघसुद्धा मारली नव्हती. पण दोन दिवसांत जवळजवळ निम्म्यावर येणे म्हणजे आत गुठळ्या सुरू झाल्याची खूण. आम्ही सोडले नाही. सहाव्या दिवशी प्लेटलेट्स 78 हजार, हिमोग्लोबिन 9.4, क्रिएटिनिन 1.1, आणि काचेवर पाहिलेल्या रक्तात फाटलेल्या, शिरस्त्राणासारख्या आकाराच्या तांबड्या पेशी. पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे एलडीएच कितीतरी पट चढलेले. पीसीआरमध्ये शिगा टॉक्सिनचे जनुक मिळाले. तिला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात हलवले.

तिथे उपचाराची दिशा उलटली, आणि हे घरच्यांना समजायला कठीण गेले. आतापर्यंत "पाणी द्या, पाणी द्या" म्हणणारे डॉक्टर आता थेंब मोजून पाणी देऊ लागले. किडनी लघवी करेनाशी झाली की दिलेले पाणी बाहेर पडत नाही, ते फुप्फुसात साठते आणि रक्तदाब चढतो. आठव्या दिवशी हिमोग्लोबिन 6.4 झाले, तेव्हा तांबड्या पेशी हळूहळू चढवल्या. प्लेटलेट्स 40 हजार होत्या, पण त्या चढवल्या नाहीत. मुलगी कुठून रक्तस्राव करत नव्हती, आणि नव्या प्लेटलेट्स गुठळ्यांमध्येच भर घालतील अशी भीती असते. लघवी जवळजवळ बंद, क्रिएटिनिन 3.8, पोटॅशियम वर, म्हणून पोटाचे डायलिसिस सुरू केले: पोटात नळी घालून द्राव सोडायचा आणि काही वेळाने काढायचा. एवढ्या लहान मुलाला ते सोयीचे पडते. एचयूएस झालेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना डायलिसिस लागते, आणि बहुतेकांना ते आठवडा-दोन आठवडेच लागते.

सुधारणाही त्याच क्रमाने आली. आधी प्लेटलेट्स चढू लागल्या, मग थोडी थोडी लघवी झाली, क्रिएटिनिन सगळ्यांत शेवटी उतरले. मुलगी पूर्ण बरी होऊन घरी गेली. दूध हेच कारण होते का, हे सिद्ध झाले नाही. तिच्याबरोबर तेच दूध प्यायलेला भाऊ ठणठणीत होता.

चांगल्या सोयी असलेल्या ठिकाणी या आजारात दगावणारी मुले शंभरात पाचांहून कमी असतात. आजार उतरणीला लागला तरी पुढे रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन निदान पाच वर्षे दरवर्षी तपासावे लागते, कारण साधारण चार-पाच मुलांत एकाला किडनीवर काही ना काही खूण राहते.

आता तुमच्या भाचीचे. आज तिच्या बहुतेक तपासण्या ठीक येतील, त्यावर निर्धास्त होऊ नका. धोक्याचा काळ जुलाब सुरू झाल्यापासून साधारण पाचवा ते दहावा दिवस. या दिवसांत रक्त दर एक-दोन दिवसांनी तपासायचे, आणि प्रत्येक वेळी आकडा नॉर्मल आहे का यापेक्षा मागच्या आकड्याच्या मानाने प्लेटलेट्स किती उतरल्या हे बघायचे. सगळे रिपोर्ट एका वहीत तारखेवार लावून ठेवा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. जुलाब थांबले, आणि प्लेटलेट्स स्थिर आहेत किंवा चढत आहेत, असे आठव्या-दहाव्या दिवशी दिसले की धोका टळला असे तिचे डॉक्टर सांगू शकतील.

घरी सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे लघवीवर नजर ठेवणे. प्रत्येक वेळेची नोंद करा. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा. चेहऱ्यावर किंवा डोळ्यांखाली सूज, ओठ-पापण्या पांढरट दिसणे, अंगावर दाबून न जाणारे बारीक लाल ठिपके, चहाच्या रंगाची लघवी, विनाकारण गुंगी किंवा झटका, यांपैकी काहीही दिसले तर फोन करण्यात वेळ न घालवता सरळ बांबोळीला जा, रात्र असली तरी. ती पाणी नाकारते किंवा उलट्या थांबत नाहीत असे असेल तर आजच सलाईनची गरज आहे का हे विचारा. एवढ्या लहान मुलीला रक्त जात असताना दाखल करून ठेवावे असे मलाही वाटते, पण तिची प्रकृती बघून ते तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

ओआरएस पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात करा, ग्लासात अंदाजाने अर्धे पाकीट घालू नका. मीठ घातलेली पेज चालते, नेहमीचे जेवण थोडे थोडे चालते. आडसराच्या, म्हणजे शहाळ्याच्या, पाण्याबद्दल मात्र सांगतो, कारण गोव्यात जुलाब म्हटले की पहिले तेच आणतात. साध्या जुलाबात ते वाईट नाही, पण त्यात मीठ कमी आणि पोटॅशियम भरपूर असते. किडनी थकली की पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि ते हृदयाची लय बिघडवते. म्हणून रक्ताचे जुलाब आहेत तोवर, आणि लघवी कमी वाटली तर नक्कीच, आडसर, केळे आणि फळांचे रस बाजूला ठेवा.

एक शक्यता तुमच्या डॉक्टरांच्याही मनात असेल. आपल्या देशात काही मुलांना, विशेषतः पाच वर्षांच्या पुढच्या, एचयूएस शिगा टॉक्सिनमुळे न होता शरीराने स्वतःच्याच एका संरक्षक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे केल्यामुळे होतो. त्याचीही सुरुवात कधी कधी जुलाबाने होते, पण उपचार वेगळा, त्यात प्लाझ्मा बदलतात. एचयूएस झालाच आणि संडासात विषाचा पत्ता लागला नाही, तर त्या प्रथिनाविरुद्धच्या, म्हणजे फॅक्टर एचविरुद्धच्या, प्रतिपिंडांची तपासणी लवकर व्हायला हवी.

घरातल्या इतरांसाठी: तिला शी धुवायला जो मदत करतो त्याने दर वेळी साबणाने हात धुवायचे, आणि शक्यतो त्याने स्वयंपाक करू नये. घरात दुसरे लहान मूल असेल तर टॉवेल वेगळा आणि आंघोळ वेगळी. दूध उकळूनच, खिमा आतपर्यंत लाली न राहता शिजवूनच. बालवाडीत पाठवण्याची घाई करू नका: जुलाब थांबल्यावरही लहान मुलांच्या संडासातून हा जंतू काही आठवडे जात राहतो, तेव्हा शिगा टॉक्सिनचा रिपोर्ट आला तर पुन्हा कधी पाठवायचे आणि त्याआधी संडास परत तपासायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. परवाचे आकडे आले की आधीच्या आकड्यांसह इथे लिहा, मी बघेन.